दिशा आणि अंतराची कोडी: कच्च्या चित्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यातल्या एका गावात, देवळाच्या ओवरीत, रविवारी सकाळी आमचा वर्ग भरतो. पोलीस भरतीवाले, बँकवाले, रेल्वेवाले अशी सगळी मिसळ असते. काही मुलं कर्नाटकाच्या परीक्षा देतात, काही कोल्हापूरकडे जाऊन महाराष्ट्राच्या देतात. बुद्धिमत्तेच्या पेपरात दोन्हीकडे एक कोडं हमखास भेटतं: अमुक माणूस इतका चालला, डावीकडे वळला, मग उजवीकडे वळला, आता तो मूळ जागेपासून किती लांब आणि कोणत्या दिशेला आहे? त्यावर वर्गात फिरून फिरून जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत.

चित्र काढायलाच हवं का? माझं तोंडी जमतं.

दोन वळणांपर्यंत तोंडी जमतं. तिसऱ्या वळणाला डोक्यातला माणूस कुठे तोंड करून उभा आहे हे हातून निसटतं, आणि निसटलं हे कळतही नाही. आकडेमोड चुकली तर निदान शंका येते. वळण चुकलं की पुढचं सगळं बरोबर करूनही उत्तर चुकीचं येतं, आणि तेच उत्तर पर्यायांत बसलेलं असतं. पेपर काढणाऱ्याला मुलं कुठे घसरतात ते पक्कं ठाऊक असतं.

चित्र म्हणजे काही कलाकुसर नाही. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आधी एक छोटी फुली काढायची आणि तिच्या वरच्या टोकाला 'उ' लिहायचं. मग निघण्याच्या जागेवर ठिपका, तिथून रेघा, प्रत्येक रेघेला बाण आणि बाजूला तिचा आकडा. बाण विसरायचा नाही. बाण नसलेली रेघ दोन मिनिटांनी बघितली की माणूस येत होता की जात होता हे आपल्यालाच सांगता येत नाही.

डावीकडे म्हणजे कागदाची डावी बाजू की चालणाऱ्याची?

नेहमी चालणाऱ्याची. वर्गात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गुणही इथेच जातात.

माणूस उत्तरेकडे चालला असेल तर त्याची डावी आणि कागदाची डावी एकच असते. तो दक्षिणेकडे चालायला लागला की सगळं उलटतं. तो तुमच्याकडे तोंड करून येतो आहे, म्हणजे त्याचा डावा हात पूर्वेकडे, तुमच्या कागदाच्या उजव्या बाजूला. आपण त्याच्या समोर बसलेलो असतो, म्हणून हे फसवं वाटतं. केस कापायला बसल्यावर आरशात न्हाव्याचा कात्रीचा हात दुसऱ्याच बाजूला दिसतो ना, तसंच थोडंसं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे कागद फिरवा. माणूस ज्या दिशेला चालला आहे ती बाजू वर येईल असा कागद धरा. आता तुमचा डावा हात तोच त्याचा डावा हात. रेघ ओढा, पुढच्या वळणाला पुन्हा फिरवा. कोपऱ्यातला 'उ' कागदाबरोबर फिरतो, त्यामुळे उत्तर दिशा कुठे गेली याची काळजी नाही. संगणकावरच्या परीक्षेत पडदा फिरवता येत नाही, पण कच्च्या कामाला दिलेला कागद कोणी फिरवू नका म्हणत नाही.

दुसरा उपाय कागद न फिरवता करायचा. उ, पू, द, प ही चार अक्षरं घड्याळाच्या काट्याप्रमाणे गोल लिहा. उजवीकडे वळला की एक घर पुढे, डावीकडे वळला की एक घर मागे. दक्षिणेकडे चालणारा डावीकडे वळला तर 'द' वरून एक घर मागे, म्हणजे 'पू'. हाताला सवय झाली की हा उपाय जास्त वेगाचा आहे. पण सुरुवातीचे पंधरा दिवस मी कागदच फिरवायला लावतो, कारण त्यात आपण काय करतो आहोत ते दिसतं.

एक घरगुती घोळही सांगतो. आमच्याकडे 'वरच्या अंगाला' म्हणजे घाटाकडे आणि 'खालच्या अंगाला' म्हणजे नदीच्या उताराकडे. कणकुंबीकडून मलप्रभा पूर्वेला वाहते, तेव्हा गावातल्या बोलण्यात 'वर' हा पश्चिमेकडे असतो आणि कागदावर 'वर' म्हणजे उत्तर. एक मुलगी 'वर गेला' असं मनात म्हणत रेघ पश्चिमेला ओढायची. तिचं डोकं चोख होतं, फक्त नकाशा गावचा होता. कोड्यात वर-खाली हे शब्द मनातही आणू नका.

एक कोडं शेवटपर्यंत सोडवून दाखवाल का?

हे घ्या. एक शेतकरी गावच्या वेशीतून उत्तरेकडे ६० मीटर चालतो. उजवीकडे वळून ९० मीटर जातो. पुन्हा उजवीकडे वळून २० मीटर. मग डावीकडे वळून ३० मीटर, आणि शेवटी पुन्हा डावीकडे वळून ५० मीटर गेल्यावर तो विहिरीपाशी पोचतो. विहीर वेशीपासून किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला? (खऱ्या पाणंदी अशा काटकोनात कधीच वळत नाहीत, पण कोड्यातल्या पाणंदी सरकारी आखणीच्या असतात.)

आधी फक्त दिशा ठरवू, आकड्यांकडे बघायचंच नाही. निघाला उत्तरेकडे. उजवीकडे वळला, पूर्व. पुन्हा उजवीकडे, दक्षिण. आता तोंड दक्षिणेकडे असताना डावीकडे वळला, म्हणजे पूर्व. पूर्वेकडे तोंड असताना डावीकडे, म्हणजे उत्तर. या क्रमाने पाच बाण काढले की चित्र पायरीसारखं दिसतं: वर, उजवीकडे, थोडं खाली, परत उजवीकडे, परत वर.

आता आकडे. इथे मी किराणा दुकानदारासारखी दोन खाती उघडायला सांगतो. एक उत्तर-दक्षिण खातं, दुसरं पूर्व-पश्चिम खातं. उत्तर आणि पूर्व जमेला, दक्षिण आणि पश्चिम नावे. उत्तर-दक्षिण खात्यात ६० जमा, २० नावे, ५० जमा, शिल्लक ९० उत्तर. पूर्व-पश्चिम खात्यात ९० जमा, ३० जमा, शिल्लक १२० पूर्व. पाच रेघांचा सगळा प्रवास या दोन शिलकांत आला. तो ९० मीटर सरळ उत्तरेला आणि मग १२० मीटर सरळ पूर्वेला गेला असता तरी त्याच विहिरीपाशी पोचला असता.

या दोन शिलका काटकोनाच्या दोन बाजू, आणि वेशीपासून विहिरीपर्यंतची सरळ रेघ म्हणजे कर्ण. ९० चा वर्ग ८१००, १२० चा वर्ग १४४००, बेरीज २२५००, वर्गमूळ १५०. पाठ असेल तर इतकंही करायला नको: ९० आणि १२० म्हणजे ३ आणि ४ ची तीसपट, म्हणून कर्ण ५ ची तीसपट. विहीर वेशीपासून १५० मीटरवर, ईशान्येला.

हेच कोडं वर्गात दिलं तेव्हा एका मुलाने तिसरं वळण कागदाच्या डावीकडे घेतलं, पश्चिमेला. तिथून पुढचं डावं वळण त्याने नियमाप्रमाणे घेतलं, म्हणजे दक्षिणेला. त्याच्या खात्यात पूर्व ६० आणि दक्षिण १० अशी शिल्लक आली, आणि तो ३७०० चं वर्गमूळ भागाकार पद्धतीने काढत बसला. दशांशचिन्हाच्या पुढे पोचलाही होता. मी नुसतं म्हटलं, "असं वाकडं वर्गमूळ आलं की आधी वळणं तपास." त्याने कागद फिरवून बघितला आणि कपाळावर हात मारला.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. या कोड्यांतले आकडे बहुधा ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७ किंवा ७-२४-२५ यांच्या पटीत बसवलेले असतात. वर्गमूळ पूर्ण निघालं नाही तर भागाकारापेक्षा वळणांवर संशय घ्या. मात्र पर्यायांतच करणीचिन्ह दिसत असेल तर हा संशय नको, तिथे उत्तर तसंच अपेक्षित असतं.

चित्र बरोबर काढलं, तरी दिशा चुकली. असं का होतं?

कारण चित्र कच्चं असतं आणि आपण त्यावर पक्का विश्वास टाकतो.

समजा एकजण दक्षिणेला १५ मीटर, पश्चिमेला २० मीटर, उत्तरेला २३ मीटर आणि पूर्वेला ५ मीटर गेला. घाईत खाली जाणारी आणि वर येणारी रेघ सारखीच ओढली जाते. शेवटचा ठिपका पहिल्या ठिपक्याच्या बरोब्बर डावीकडे येतो आणि डोळा सांगतो, पश्चिम. खातं वेगळं सांगतं: उत्तर-दक्षिण खात्यात १५ नावे, २३ जमा, शिल्लक ८ उत्तर. पूर्व-पश्चिम खात्यात २० नावे, ५ जमा, शिल्लक १५ पश्चिम. म्हणजे माणूस वायव्येला, आणि अंतर ८-१५-१७ मधलं १७ मीटर.

म्हणून चित्राकडून एकच गोष्ट घ्यायची, कोणती रेघ कोणत्या दिशेला गेली. माणूस शेवटी कुठे पोचला हे खात्याने ठरवायचं. पट्टी घेऊन प्रमाणात चित्र काढायला लागलात तर वेळ संपेल. तरीही मोठा आकडा मोठी रेघ आणि लहान आकडा लहान रेघ एवढं भान ठेवलं, तर डोळा आणि खातं सहसा भांडत नाहीत. भांडले तर खात्याचं ऐका, पण आधी एकदा जमा-नावे तपासा. दक्षिण चुकून जमेला पडणं ही खात्यातली नेहमीची चूक.

चाललेलं अंतर आणि विस्थापन यांत गोंधळ होतो.

वेस आणि विहिरीच्या कोड्यात तो एकूण २५० मीटर चालला, पण वेशीपासून १५० मीटरवरच पोचला. पहिलं अंतर, दुसरं विस्थापन. बेळगावाहून पणजी सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर आहे, चोर्ला घाटाने गेलात तर गाडीच्या मीटरवर शंभराच्या बरंच वर जातं. प्रश्नात 'एकूण किती चालला' असेल तर नुसती बेरीज, 'मूळ जागेपासून किती दूर' असेल तर दोन्ही खात्यांची शिल्लक. विस्थापन एकूण चालण्यापेक्षा कधीच जास्त असू शकत नाही. जास्त आलं तर उत्तर लिहूच नका.

'कोणत्या दिशेला' या प्रश्नात उत्तर नेमकं उलटं येतं.

'विहीर वेशीच्या कोणत्या दिशेला?' आणि 'वेस विहिरीच्या कोणत्या दिशेला?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर ईशान्य, दुसऱ्याचं नैऋत्य. ज्या शब्दाला 'च्या' किंवा 'पासून' लागलं आहे तिथे मनाने उभं राहायचं आणि तिथून दुसऱ्या वस्तूकडे बघायचं. खानापूर बेळगावच्या दक्षिणेला आहे, हे एस्टीने रोज जाणारं कुणीही सांगेल. पण 'बेळगाव खानापूरच्या कोणत्या दिशेला' असं पटकन विचारलं की निम्मा वर्ग 'दक्षिण' म्हणून मोकळा होतो. दक्षिण हा शब्द कानात बसलेला असतो, बाकी काही नाही.

शेवटी तोंड कुठे आहे, असं विचारलं तर?

मग खाती उघडायची गरजच नाही, आकडेही लागत नाहीत. शेवटच्या बाणाची दिशा हेच उत्तर. वरच्या कोड्यात शेतकरी ईशान्येला पोचला आहे, पण त्याचं तोंड उत्तरेकडे आहे. पर्यायांत दोन्ही असतात.

४५ अंशांचं वळण आलं की सगळं बिघडतं.

गोल लिहायची घरं चाराची आठ करा: उत्तर, ईशान्य, पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य, पश्चिम, वायव्य. ४५ अंशांना एक घर, ९० ला दोन, १३५ ला तीन. पश्चिमेकडे तोंड करून उभा माणूस घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ९० अंश वळला की उत्तर, आणि तिथून उलट्या दिशेने १३५ अंश वळला की तीन घरं मागे: वायव्य, पश्चिम, नैऋत्य.

अंतर तिरकं असेल तर ते दोन्ही खात्यांत वाटायचं. ईशान्येकडे १०√२ मीटर म्हणजे १० उत्तरेच्या खात्यात आणि १० पूर्वेच्या. समजा एकजण पूर्वेला २० मीटर गेला, ४५ अंश डावीकडे वळून १०√२ मीटर गेला, पुन्हा ४५ अंश डावीकडे वळून ३० मीटर गेला. पहिलं वळण त्याला ईशान्येकडे नेतं, दुसरं उत्तरेकडे. पूर्व खात्यात २० आणि १०, एकूण ३०. उत्तर खात्यात १० आणि ३०, एकूण ४०. विस्थापन ५० मीटर, ईशान्येला.

तिरक्या रेघेचा आख्खा आकडा एकाच खात्यात टाकणं किंवा निम्मा-निम्मा वाटणं, या दोन्ही चुका मी दर महिन्याला बघतो. निम्मा नाही, √२ ने भागलेला.

९० उत्तर आणि १२० पूर्व याला ईशान्य म्हणणं बरोबर आहे का?

काटेकोर बघितलं तर नाही. खरी ईशान्य म्हणजे उत्तरेपासून ४५ अंश, आणि आपली विहीर उत्तरेपासून साधारण ५३ अंशांवर पूर्वेकडे झुकलेली आहे. पण परीक्षेत उत्तर आणि पूर्व यांच्या मधली कुठलीही जागा ईशान्य धरतात. मोजणीदाराने असं लिहिलं तर बांधावरून भांडण होईल, पेपरात चालतं. एका खात्याची शिल्लक शून्य आली तरच उत्तर चार मुख्य दिशांपैकी एक असतं.

कन्नड पेपर असेल तर?

मराठी शाळेतून आलेल्या मुलांची खरी अडचण दिशांची नसते. ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य हे शब्द कन्नडमध्येही तेच आहेत, पूर्व-पश्चिमही ओळखीचे. अडतं ते डाव्या-उजव्याला: 'एडक्के' म्हणजे डावीकडे, 'बलक्के' म्हणजे उजवीकडे. 'बल' म्हणजे ताकदही, आणि बहुतेकांचा ताकदीचा हात उजवा, हे डोक्यात ठेवलं की पुरे. बसमध्ये कंडक्टरशी कन्नड बोलणारी मुलंही पेपरात इथे अडखळतात, म्हणून वाचता वाचता त्या शब्दावर लगेच बाण काढा.

निघाला तेव्हा तोंड कुठे होतं तेच दिलेलं नाही. मग?

हे कोडं बघून मुलं सोडून देतात, आणि खरं तर ते फुकटचे गुण आहेत. अंतर विचारलं असेल तर सुरुवातीची दिशा लागतच नाही. कोणतीही धरा, उत्तर धरणं सोयीचं. सगळी वळणं डावी-उजवी अशी एकमेकांच्या हिशोबाने दिलेली असतात, म्हणून दिशा बदलली तरी चित्राचा आकार तोच राहतो, ते नुसतं फिरतं. कर्णाची लांबी फिरवल्याने बदलत नाही.

दिशा विचारली असेल तर कुठेतरी एक धागा दिलेला असतोच, बहुधा 'शेवटी तो पूर्वेकडे चालत होता' असा. शेतकऱ्याचंच कोडं घ्या, फक्त 'उत्तरेकडे' हा शब्द काढून टाका आणि शेवटी 'आता त्याचं तोंड पूर्वेकडे आहे' असं जोडा. उत्तर धरून सोडवल्यावर शेवटचा बाण उत्तरेकडे आला होता. खरा तो पूर्वेकडे हवा. म्हणजे सगळं चित्र उजवीकडे एक घर फिरवायचं: उत्तरेची ९० शिल्लक पूर्वेची झाली, पूर्वेची १२० शिल्लक दक्षिणेची झाली. विहीर आता आग्नेयेला, अंतर तेच १५० मीटर, आणि शेतकरी वेशीतून निघाला होता तो पूर्वेकडे.

खात्री वाटत नसेल तर काढलेलं चित्र तसंच ठेवा, कागद हातात घेऊन पाव वेढा उजवीकडे फिरवा आणि कोपऱ्यातला जुना 'उ' खोडून वरच्या बाजूला नवा लिहा.